मेंढीकोटचे नियम विचारताय? आधी तुमच्या ग्रुपचा मेंढीकोट कोणता ते सांगा

नवीन ग्रुपमध्ये पत्ते खेळायला बसायचं असलं की आपण कुणाला तरी विचारतो, "अरे मेंढीकोटचे रूल काय असतात?" समोरचा अगदी मनापासून सांगतो, आपण ते नीट ऐकून जातो, आणि तिथे पहिल्याच डावात सगळे ओरडतात की असं नसतं! सांगणारा खोटं बोललेला नसतो. त्याने त्याच्या ग्रुपचा मेंढीकोट सांगितलेला असतो आणि तुम्ही दुसऱ्याच मेंढीकोटला जाऊन बसलेले असता. नाव एकच, पण हुकूम ठरवायची पद्धत वेगळी, हात उचलायची वेगळी, शेवटची मोजणी पण वेगळी असू शकते.

हे कन्फ्यूजन मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय. त्यात नवीन माणूसच अडकतो, कारण आपल्या ग्रुपचा प्रकार कोणता हे त्यालाच माहीत नसतं, मग तो सांगणार तरी काय. म्हणून हा लेख. प्रकाराचं नाव माहीत नसलं तरी चालेल, तो ओळखायचा कसा आणि दुसऱ्याला समजेल असा सांगायचा कसा एवढंच यात आहे. उदाहरण पूर्ण मेंढीकोटचं घेतलंय कारण त्यात हा घोळ सगळ्यात जास्त होतो.

सगळीकडे सारखं काय असतं

हे पाठ असू द्या म्हणजे बाकीचं पटकन कळेल. चार जण, समोरासमोर बसलेले दोघं एकमेकांचे भिडू. ५२ पानांचा एक कॅट, जोकर काढून टाकायचे, प्रत्येकाला १३ पानं. वाटताना बहुतेक ठिकाणी आधी पाच, मग चार, मग चार अशी वाटतात. एक्का सगळ्यात मोठा, मग राजा, राणी, गुलाम, दश्शी आणि तसंच खाली दुर्रीपर्यंत. ज्याची उतारी असेल तो एक पान टाकतो, बाकीच्यांनी त्याच रंगाचं पान टाकायचं (इथे रंग म्हणजे बदाम, इस्पिक, किलवर, चौकट यातला एक, लाल-काळा नाही). चार पानं पडली की एक हात झाला, तो ज्याने जिंकला त्याची पुढची उतारी. आणि मेंढी म्हणजे दश्शी. चार मेंढ्या असतात, सगळी मारामारी त्यांच्यासाठी.

एवढ्यावर कुणाचं भांडण होत नाही. भांडण होतं ते खालच्या गोष्टींवर.

काय काय लागेल

- पत्त्यांचा एक कॅट. नियम विचारताना पानं समोर मांडून विचारलं की निम्मा घोळ तिथेच संपतो.
- कागद-पेन किंवा मोबाईलमध्ये नोट.
- ग्रुपचा एखादा पूर्ण डाव शेजारी बसून बघायची तयारी. शक्य नसेल तर त्या ग्रुपमधला एक माणूस, आणि शक्यतो तोच जो वाद झाला की निकाल देतो.

## १. एक डाव नुसता बघा, पण चार ठिकाणी नीट लक्ष द्या

सगळं बघत बसलात तर काहीच लक्षात राहणार नाही, कोणी कुठलं पान टाकलं हे आत्ता महत्त्वाचं नाहीये. हे चार क्षण पकडा.

पहिला क्षण, पत्ते वाटून झाल्यावर आणि पहिली उतारी व्हायच्या आधी. कोणी आपल्या हातातलं एक पान काढून उलटं झाकून ठेवतंय का? की सगळे सरळ खेळायला सुरुवात करतायत?

दुसरा क्षण, पहिल्यांदा कुणाकडे तरी उतरलेला रंग नसतो तेव्हा. तो थांबून काही विचारतो का, की नुसतं दुसऱ्या रंगाचं पान टाकतो आणि सगळे म्हणतात "हुकूम किलवर"? हा क्षण कधी येईल याची काळजी करू नका, येतोच. एका रंगाची पानं १३ आणि खेळणारे चार, म्हणजे तोच रंग चौथ्यांदा उतरला की सगळ्यांना पुरणं शक्यच नाही, १६ पानं लागतील. बहुतेक वेळा त्याच्या बरंच आधी कुणीतरी संपतं.

तिसरा क्षण, हात संपल्यावर. चार पानं जिंकणाऱ्याच्या पुढ्यात जातात की मधेच पडून राहतात?

चौथा, डाव संपल्यावर आधी काय मोजतात. मेंढ्या की हात, आणि मेंढ्या दोन-दोन झाल्या तर काय करतात.

जे दिसलं ते जसंच्या तसं लिहून ठेवा. "बंद हुकूम वाटतो" असं लिहू नका, "डावीकडच्या काकांनी एक पान झाकून ठेवलं" असं लिहा. नावात चूक होऊ शकते, बघितलेल्यात होत नाही.

## २. हुकूम कसा ठरतो हे सगळ्यात आधी सांगा

समजा तुम्हाला एकच गोष्ट सांगायची मुभा आहे, तर ही सांगा. मेंढीकोटचे मुख्य प्रकार यावरूनच पडतात.

कट हुकूम: डाव सुरू होतो तेव्हा हुकूम नसतोच. ज्याच्याकडे पहिल्यांदा उतरलेला रंग नसेल तो जे पान टाकेल त्याचा रंग हुकूम, तो डाव संपेपर्यंत.

बंद हुकूम: पत्ते वाटल्यावर एक जण (बऱ्याच ठिकाणी वाटणाऱ्याच्या उजवीकडचा, कारण खेळ उजवीकडून फिरतो) हातातलं एक पान उलटं झाकून ठेवतो. त्या पानाचा रंग हुकूम, पण तो फक्त त्यालाच माहीत. कुणाचा तरी रंग संपला की ते पान उघडतात.

ऐकायला छोटा फरक वाटतो. आता एक हात मांडून बघू, खरंच पानं घेऊन मांडा.

खेळणारे अ, ब, क, ड, याच क्रमाने पान टाकतात. अ आणि क भिडू, ब आणि ड भिडू. चार हात होऊन गेलेत, आतापर्यंत सगळ्यांकडे प्रत्येक वेळी रंग होता, म्हणजे हुकमाचा प्रश्नच आलेला नाही. चौथा हात अ ने जिंकलाय, त्यामुळे पाचवी उतारी अ ची.

अ टाकतो बदाम राणी. ब कडे बदामचं एकच पान उरलंय आणि ते नेमकी दश्शी, म्हणजे मेंढी, टाकावीच लागते. क कडे बदाम नाही, तो टाकतो किलवर तिर्री. ड टाकतो बदाम एक्का.

मेंढी कुणाची?

ग्रुप कट हुकूमवाला असेल तर क ने तिर्री टाकली त्याच क्षणी किलवर हुकूम झाला. तिर्री असली तरी हुकमाची आहे, ती बदाम एक्क्याला मारते. हात क चा, मेंढी अ-क कडे.

ग्रुप बंद हुकूमवाला असेल आणि क ने हुकूम उघडायला सांगितलाच नाही, नुसती तिर्री टाकली, तर ज्या ग्रुपमध्ये हे चालतं तिथे ती साधी फेकलेली तिर्री. हात एक्क्याचा, म्हणजे ड चा, आणि मेंढी ब-ड कडे.

बंद हुकूम आहे, क ने उघडायला सांगितलं, आणि निघालं इस्पिक. क कडे इस्पिक नव्हतं म्हणून त्याने तिर्री टाकली. परत हात ड चाच. पण उघडल्यावर किलवर निघालं असतं तर हात क चा.

बघा, तीच चार पानं, त्याच क्रमाने पडलेली, आणि मेंढी कधी इकडे कधी तिकडे. आता कुणी तुम्हाला नुसतं विचारलं की "बदाम राणी, बदाम दश्शी, किलवर तिर्री, बदाम एक्का, हात कोणाचा?" तर तुम्ही काय सांगाल? हुकूम कसा ठरतो हे न कळता याचं उत्तर देताच येत नाही. आपण "मेंढीकोटचे नियम सांगा" म्हणतो तेव्हा समोरच्याला आपण नेमकं याच जागी आणून ठेवतो.

प्रकार कळला तरी त्याच्या पोटात अजून थोडे प्रश्न असतात, ते तुमच्याच ग्रुपला विचारायचे, बाहेरच्याला त्याचं उत्तर माहीत असणं शक्य नाही.

कट हुकूम असेल तर: त्याच हातात पुढच्याकडेही रंग नसेल तर तो मोठा हुकूम टाकून हात घेऊ शकतो का? वरच्या उदाहरणात ड कडे पण बदाम नसतं आणि त्याने किलवर नश्शी टाकली असती, तर साधारण हिशोबाने हात नश्शीचा. पण एकदा विचारून घ्या.

बंद हुकूम असेल तर तीन गोष्टी. रंग नसला की हुकूम उघडायलाच लागतो, की न उघडता दुसरं पान टाकून देता येतं? उघडायला लावला तर त्याच हातात हुकूम टाकणं सक्तीचं आहे का (अर्थात हातात असेल तर)? आणि झाकलेलं पान उघडल्यावर ज्याने ठेवलं तो ते लगेच हातात घेतो का, कारण ते त्याचं तेरावं पान आहे, ते कधीतरी खेळावं लागणारच. या तिसऱ्या प्रश्नाकडे नवीन माणसाचं लक्षच जात नाही, आणि मग त्याच्यावर झाकायची वेळ आली की गडबड होते.

## ३. हात लगेच उचलतात की मधे साठवतात

बऱ्याच ग्रुपमध्ये हात जिंकला की पानं लगेच जिंकणाऱ्याच्या पुढ्यात, पुढे चला. पण दुसरी एक पद्धत आहे, ती जास्त करून दहला पकड या नावाने खेळणाऱ्यांकडे दिसते. त्यात पानं मधेच साठत जातात आणि कुणी लागोपाठ दोन हात जिंकले की सगळा ढीग त्याचा. मेंढीकोट आणि दहला पकड ही दोन नावं लोक एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात, त्यामुळे नावावरून अंदाज बांधू नका. तिसऱ्या क्षणाला काय दिसलं तेच धरा.

वरचाच हात पुढे नेऊ. कट हुकूम धरू, म्हणजे पाचवा हात क ने किलवर तिर्रीने जिंकला, त्यात बदाम मेंढी आहे.

लगेच उचलायची पद्धत असेल तर विषय संपला, मेंढी अ-क कडे गेली.

साठवायची पद्धत असेल तर थांबा. चौथा हात अ ने जिंकला होता, पाचवा क ने. एकाच जोडीने लागोपाठ दोन हात जिंकलेत, पण माणसं वेगळी. काही ठिकाणी एकाच माणसाने जिंकायला लागतात, मग ढीग मधेच राहणार. जोडीने जिंकलेले चालत असतील तर अ-क आत्ताच सगळं उचलणार. म्हणजे "लागोपाठ दोन" एवढं ऐकून समाधान मानायचं नाही, एका माणसाचे का जोडीचे ते विचारायचं.

एका माणसाचे धरू. ढीग मधे आहे, मेंढी त्यात आहे. क ची उतारी, तो टाकतो चौकट एक्का, पण ड कडे चौकट नाही, तो किलवर पंजीने मारतो. बाकीचे चौकट टाकतात, सहावा हात ड चा. आता ड टाकतो इस्पिक एक्का, सगळ्यांकडे इस्पिक आहे, सातवा हात पण ड चा. लागोपाठ दोन झाले. पूर्ण ढीग ड उचलतो आणि त्यात ती मेंढी पण गेली, जी क ने मारली होती. लगेच उचलणाऱ्या ग्रुपमधून शिकून आलेला माणूस इथे नक्की म्हणतो की ही मेंढी माझी होती.

खेळण्यावर पण याचा मोठा परिणाम आहे. लगेच उचलायचा खेळ असेल तर भिडूच्या जिंकत्या हातात आपली मेंढी टाकून देणं चांगलं, ती घरात पोचली. साठवायचा खेळ असेल तर तीच मेंढी ढिगात अडकते आणि पुढे कोण नेईल सांगता येत नाही. म्हणून कोणी तुम्हाला "भिडू जिंकत असला की मेंढी टाकून मोकळा हो" अशी टिप दिली तर आधी विचारा की तुमच्याकडे हात लगेच उचलतात का. टिप चांगली आहे, पण एकाच प्रकारासाठी.

साठवायच्या पद्धतीत आणखी दोन प्रश्न राहतात. ढीग उचलल्यावर मोजणी परत शून्यापासून सुरू होते का? म्हणजे ड ने सहावा-सातवा जिंकून ढीग नेला, आता आठवा पण जिंकला तर सातवा-आठवा धरून परत उचलणार, की नवीन दोन लागतील? आणि तेराव्या हातानंतर मधे उरलेली पानं कोणाची? बहुतेक ठिकाणी शेवटचा हात जिंकणाऱ्याची, पण विचारून ठेवा, कारण शेवटच्या ढिगात मेंढी असली की आवाज चढतात.

## ४. भिडू किती आणि पानं किती

हे छोटं आहे पण लोक सांगायला विसरतात. चार जण असतील तर सांगायची तशी गरज नाही, समोरचा चारच धरतो. पण तुमच्यात सहा जण बसत असतील तर नक्की सांगा. सहा जणांत तीन-तीनच्या दोन टीम, एक सोडून एक बसतात, आणि चारही दुर्र्या काढून ४८ पानं वापरतात म्हणजे प्रत्येकाला आठ येतात.

याने मोजणी बदलते. चार जणांत १३ हात होतात. मेंढ्या दोन-दोन अशा वाटल्या गेल्या तर ज्या जोडीचे सात किंवा जास्त हात ती जिंकली, १३ ही विषम संख्या आहे म्हणून बरोबरी होऊच शकत नाही. सहा जणांत हात आठच. सात हातांचा नियम तिथे लावला तर जवळजवळ कोणीच जिंकणार नाही, आणि चार-चार अशी बरोबरी पण होऊ शकते. म्हणून सहा जणांचा खेळ असेल तर "मेंढ्या दोन-दोन आणि हात चार-चार झाले तर काय" हा प्रश्न आधीच विचारा. चार जणांचा खेळ खेळणारा याचं उत्तर देऊ शकणार नाही, त्याच्यावर ही वेळ कधी आलेलीच नसते.

## ५. शेवटी काय मोजतात

तीन मेंढ्या आल्या की डाव जिंकला, हे सगळीकडे. चारही आल्या की मेंढीकोट झाला, म्हणजे कोट चढवला. सगळेच्या सगळे १३ हात घेतले तर त्याहून मोठा कोट, त्याला बावनपत्ती कोट म्हणतात. पण कोटाला साध्या डावापेक्षा किती जास्त धरायचं हे ग्रुपवर आहे, काही जण नुसते कोट मोजतात आणि साधे डाव लिहीतच नाहीत.

यालाच जोडून पुढची पिसणी कोणाची ते विचारा. नेहमीची पद्धत अशी की हरलेली जोडी पिसते. वाटणाऱ्याची जोडी हरली तर परत तोच वाटतो, जिंकली तर पिसणी उजवीकडच्याकडे जाते. बंद हुकूम असेल तर हे फार महत्त्वाचं आहे, कारण पान झाकायचा मान वाटणाऱ्याच्या शेजाऱ्याला मिळतो, म्हणजे हरणाऱ्या जोडीच्या विरोधातला माणूसच परत परत हुकूम ठरवत राहतो. नवीन माणसाला वाटतं की आपल्याविरुद्ध काहीतरी चाललंय, पण नियमच तसा आहे.

## ६. आता प्रश्न असा विचारा

वरचं सगळं जमलं की विचारायला चार-पाच ओळी लागतात. आधी चुकीचा नमुना:

"मेंढीकोटमध्ये रंग नसेल तर काय करायचं?"

याला दहा जण दहा उत्तरं देतील आणि दहाही आपापल्या जागी बरोबर असतील. आता हे बघा:

"आम्ही चार जण खेळतो, दोन-दोन भिडू, ५२ पानं. वाटून झाल्यावर वाटणाऱ्याच्या उजवीकडचा एक पान झाकून ठेवतो. पहिल्यांदा कुणाचा रंग संपला की तो 'हुकूम उघडा' म्हणतो. हात लगेच उचलतात. मला विचारायचंय की हुकूम उघडायला लावला आणि माझ्याकडे हुकमाचं पान आहे, तरी मी ते न टाकता दुसरं टाकू शकतो का?"

यात प्रकाराचं नाव कुठेही नाही, तरी वाचणाऱ्याला प्रकार समजला. जे डोळ्यांनी दिसलं तेच लिहिलंय. आणि शेवटी प्रश्न एकच आहे. एका वेळी एकच प्रश्न विचारा, पाच प्रश्न एकत्र विचारले की लोक सोप्याचं उत्तर देऊन मोकळे होतात आणि तुमचा खरा प्रश्न राहून जातो.

एखादं कलम तुम्हाला माहीत नसेल तर तसं लिहा, "हात लगेच उचलतात का ते मी बघितलं नाही". गाळू नका. गाळलेल्या जागी समोरचा स्वतःच्या ग्रुपची पद्धत भरतो आणि त्याने ती भरली हे त्याला पण कळत नाही, तुम्हाला पण नाही.

आणि शक्य असेल तर "नियम काय" विचारण्याऐवजी पानं मांडून "हात कोणाचा" असं विचारा, वर आपण केलं तसं. नियम सांगताना माणूस "साधारणपणे", "बहुतेक करून" असं बोलतो, पण चार पानं समोर ठेवली की त्याला बोट ठेवून सांगावंच लागतं.

## ७. उत्तर मिळालं की ते कुठल्या प्रकाराचं आहे ते तपासा

तुम्ही प्रकार सांगितलात तरी उत्तर देणारा पूर्ण वाचेलच असं नाही. काही खुणा आहेत. तुमचा कट हुकूम असताना तो "हुकूम उघडला की" असं म्हणाला, तर तो बंद हुकूम सांगतोय. तुम्ही हात लगेच उचलता आणि तो "ढिगात" किंवा "लागोपाठ दोन" म्हणाला, तर तो साठवायची पद्धत सांगतोय. तुमच्यात सहा जण आणि तो १३ पानांबद्दल बोलतोय, तर तो चार जणांचा खेळ आहे. अशा वेळी वाद घालू नका, त्याचा नियम त्याच्या जागी बरोबर आहे, फक्त म्हणा की आमच्याकडे पान झाकत नाहीत, मग कसं? बहुतेक लोक लगेच म्हणतात, अच्छा, कट हुकूम होय, मग वेगळं.

दोघांची उत्तरं वेगळी आली तर कोण बरोबर हे विचारायच्या आधी दोघांना एकच प्रश्न विचारा, "तुमच्याकडे हुकूम कधी ठरतो?" बऱ्याचदा भांडण तिथेच मिटतं.

मैदानी खेळात पण हेच करता येतं, फक्त प्रश्न बदलतो. कबड्डीचंच बघा. संजीवनी प्रकारात समोरचा गडी बाद केला की आपला बाद झालेला परत आत येतो. गामिनीत बाद झालेला बाहेरच राहतो, पूर्ण संघ बाद होईपर्यंत. अमर प्रकारात बाद झालेला बाहेर जातच नाही, समोरच्याला नुसता गुण मिळतो. त्यामुळे कबड्डीबद्दल काहीही विचारताना "आमच्याकडे बाद झालेला परत कधी येतो" हे आधी सांगा. तिथला हुकमाचा प्रश्न हाच.

## ८. खेळायला बसताना ग्रुपला काय विचारायचं

बाहेरून कितीही शिकून गेलात तरी शेवटचा शब्द त्या ग्रुपचा. पत्ते पिसायला घ्यायच्या आधी विचारा, पानं हातात आल्यावर नाही. पानं बघून झाल्यावर "रंग नसला तर हुकूम टाकावाच लागतो का" असं विचारलंत की तुमच्याकडे कुठलातरी रंग नाही हे सगळ्यांना कळलं, आणि काही ग्रुप याला भिडूला इशारा केला असं पण धरतात.

एवढं विचारा, दोन मिनिटं लागतात:

- हुकूम झाकतात की रंग संपल्यावर ठरतो?
- झाकत असतील तर कोण झाकतो, आणि उघडल्यावर हुकूम टाकणं सक्तीचं का?
- हात लगेच उचलायचा की लागोपाठ दोन? दोन असतील तर एकाचे का जोडीचे?
- मेंढ्या दोन-दोन झाल्या तर?
- रंग असताना चुकून दुसरं पान टाकलं तर काय? काही ठिकाणी पुढचं पान पडायच्या आत उचलू देतात, काही ठिकाणी तो डावच गेला.

शेवटचा प्रश्न नवीन माणसाने नक्की विचारावा, कारण पानं नीट लावलेली नसली की चौकटमधे बदाम लपतं आणि ही चूक पहिल्या काही डावांत होतेच. लाल-काळे आलटून पालटून लावा, बदाम-चौकट शेजारी ठेवू नका.

कधी कधी असं होतं की यातल्या एखाद्या प्रश्नावर ग्रुपमधलेच दोघं वेगवेगळं बोलतात, कारण ती वेळ त्यांच्यावर कधी आलेलीच नसते आणि दोघांनी मनात वेगवेगळं धरलेलं असतं. मग तुम्ही कुणाची बाजू घेऊ नका, चार पानं मांडा, "असं पडलं तर आज हात कोणाचा धरायचा?" विचारा, आणि जे ठरेल ते गुण लिहायच्या कागदावर सगळ्यात वर लिहून टाका.